फाइल २७१ पानांची, सारांश एका पानाचा

पंपाच्या कंपनाची ती फाइल माझ्याकडे आली तेव्हा ३८ पानांची होती. एका सेंट्रिफ्युगल पंपाला चालताना प्रमाणाबाहेर कंपन येत होतं, कारण सापडत नव्हतं, आणि दर पंधरा दिवसांनी आढावा बैठक भरत होती. बैठकीला येणाऱ्या सात जणांपैकी अख्खी फाइल वाचायला कुणालाच सवड नव्हती. म्हणून माझ्यावर काम आलं ते असं: फाइलचा सारांश ठेवायचा, आणि नवी पानं लागली की तो ताजा करायचा.

पहिला सारांश ३५० शब्दांचा झाला. पुढच्या पंधरवड्यात १४ पानं आली. मी ती वाचली आणि सारांशाच्या खाली तारीख टाकून एक परिच्छेद जोडला. मला ते अगदी साहजिक वाटलं. नवं आलं, ते खाली लिहिलं. त्याच्या पुढच्या वेळीही तेच केलं. फाइल १४२ पानांवर पोचली तेव्हा सारांश १,९०० शब्दांचा झाला होता, म्हणजे छापल्यावर पाच पानं.

लांबी हा खरा त्रास नव्हता, हे मला एका बैठकीनंतर कळलं. सारांशाच्या पहिल्या परिच्छेदात, म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यात लिहिलेल्या मजकुरात, वाक्य होतं: ‘बेअरिंग झिजल्याची शक्यता आहे, नवा संच मागवावा.’ पुढे बेअरिंग बदलली गेली, कंपन तसंच राहिलं, आणि सहाव्या परिच्छेदात मी लिहिलं होतं की बेअरिंग हे कारण नाही. दोन्ही वाक्यं एकाच कागदावर नांदत होती. खरेदी विभागातून नव्याने बैठकीला येऊ लागलेल्या गृहस्थांनी पहिलं पान वाचलं, आणि बेअरिंगचा दुसरा संच मागवला गेला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. माणूस कागद वरून वाचायला लागतो, आणि माझ्या कागदावर सगळ्यात जुनी, रद्द झालेली गोष्ट सगळ्यात वर होती.

मी सारांश ठेवत नव्हतो, रोजनिशी लिहीत होतो. रोजनिशीत जुनं वाक्य चुकीचं ठरलं तरी जागेवर राहतं, कारण त्या दिवशी ते खरं होतं. सारांशातल्या प्रत्येक वाक्याला मात्र आज खरं असावं लागतं. हा फरक डोक्यात आला आणि मी तो कागद बाजूला ठेवून १ ते १४२ पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

या वेळी दोन कागद केले. एक होता पानवार नोंदीचा: फाइलच्या प्रत्येक पानाला एक ओळ, त्यात पान कशाचं आहे आणि त्यात नवीन काय आहे. दोन दिवस लागले. दुसरा कागद सारांशाचा. त्याला मी ४०० शब्दांची मर्यादा घातली, कारण तेवढा मजकूर एका पानावर डोळ्यांना त्रास न होता मावतो आणि लोक तो बैठक सुरू होण्यापूर्वी खुर्चीत बसल्या बसल्या वाचू शकतात. सारांशाच्या डोक्यावर एक ओळ: ‘पान १ ते १४२ पाहून लिहिले.’ आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते कुठल्या पानांवरून आलं, त्यांचे आकडे. पानवार नोंद हवी तेवढी वाढू दे असं ठरवलं. सारांश वाढू द्यायचा नाही.

मग १४३ ते १६४ अशी २२ पानांची पुढची थप्पी आली. पूर्वी मी अशा पानांना विचारायचो, ‘यात काय आहे?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी एक नवा परिच्छेद असतं. आता प्रश्न बदलला: ‘हे पान खरं धरलं तर सारांशातलं कोणतं वाक्य आहे तसं ठेवता येणार नाही?’ बहुतेक पानांना याचं उत्तर ‘एकही नाही’ असं येतं, आणि ते उत्तर स्वीकारायची सवय लावणं मला सगळ्यात जड गेलं. पान वाचलंय, वेळ गेलाय, तर त्याचं काहीतरी दिसायला हवं असं मनाला वाटत राहतं. त्या पानाची ओळ पानवार नोंदीत आली आहे, ते हरवलेलं नाही, एवढ्या आधारावरच मला हात आवरता आला.

त्या २२ पानांचा हिशेब असा होता. चार पानं स्मरणपत्रं आणि सोबतची पत्रं. दोन पानं रात्रपाळीच्या ऑपरेटरची हाताने लिहिलेली नोंद. दोन पानं खर्चाचा अंदाज. तीन पानं लेझरने केलेल्या अलाइनमेंटचा अहवाल. उरलेली ११ पानं रोजच्या कंपनाच्या मोजणीची, दिवसाला एक. त्याआधी सारांशातला मुख्य परिच्छेद असा होता:

‘पंपाचे कंपन ७.४ मिलिमीटर प्रति सेकंदापर्यंत जाते (पा. ९६–१०४). बेअरिंग बदलूनही ते उतरले नाही, त्यामुळे बेअरिंग हे कारण नाही (पा. ६१–७०). कंपनाचा मोठा भाग फिरण्याच्या वेगाच्या दुप्पट वारंवारतेवर आहे; यावरून पंप आणि मोटर एका रेषेत नसल्याचा संशय आहे (पा. ११८). अलाइनमेंट लेझरने तपासायचे ठरले आहे, काम व्हायचे आहे (पा. १३९). मोटरच्या पायाचे बोल्ट सैल आहेत का, हे तपासलेले नाही.’

आणि थप्पी वाचून झाल्यावर तो असा झाला:

‘लेझरने तपासल्यावर पंप आणि मोटर ०.३२ मिलिमीटरने एका रेषेबाहेर आढळले, ते ०.०४ वर आणल्यावर कंपन ७.४ वरून २.६ मिलिमीटर प्रति सेकंदावर उतरले (पा. ९६–१०४, १५१–१५३) आणि पुढील ११ दिवस २.४ ते २.८ दरम्यान राहिले (पा. १५४–१६४). बेअरिंग बदलून फरक पडला नव्हता (पा. ६१–७०). मोटरच्या पायाचे बोल्ट तपासले; घट्ट आहेत (पा. १५२). रात्रपाळीत पंप सुरू होताना आवाज येत असल्याची एक नोंद आहे, तिचा उलगडा झालेला नाही (पा. १४७–१४८).’

पानांचे आकडे सोडून मोजलं तर पहिला परिच्छेद ५१ शब्दांचा, दुसरा ५६. ते पाच शब्द खालच्या ‘ठरलेली कामे’ या भागातून काढून घेतले. आत काय झालं ते थोडं उलगडून सांगतो, कारण सगळं काम तिथेच आहे.

दुप्पट वारंवारतेचं वाक्य मी पूर्ण काढलं. ते खोटं ठरलं म्हणून नाही, उलट खरंच ठरलं. पण ते एका संशयाचा आधार म्हणून तिथे होतं. संशय तपासून झाला, आता लेझरचं माप हाताशी आहे, तर आधाराची जागा मोकळी करता येते. खरं ठरलेलं वाक्यही काढायचं असतं, हे मला आधी सुचतच नव्हतं. मी फक्त चुकीचं ठरलेलं काढायला बघत होतो, आणि तेवढ्यात जागा पुरत नव्हती. ‘काम व्हायचे आहे’ हे वाक्य काम झाल्यामुळे गेलं आणि त्याच्या जागी निकाल आला. बोल्टचा प्रश्न सुटला, म्हणून प्रश्नाच्या जागी उत्तर बसलं. बेअरिंगचं वाक्य आखडलं, पण काढलं नाही. एकदा त्यावर पैसे गेलेत आणि पुन्हा कुणीतरी ते सुचवणार, हे दिसत होतं.

मोजणीची ११ पानं एका उपवाक्यात मावली. तिथे मी सरासरी लिहिली नाही, कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा लिहिला. ११ दिवसांत एखादा दिवस ४.९ चा निघाला असता तर सरासरीने तो गिळला असता, आणि या फाइलीत तोच दिवस महत्त्वाचा ठरला असता. तसा दिवस असता तर त्याला स्वतःचं वाक्य द्यावं लागलं असतं. खर्चाच्या अंदाजाचा एक आकडा कामांच्या भागात बदलला. स्मरणपत्रांनी सारांशात काहीच हलवलं नाही. अख्ख्या थप्पीतून खरंखुरं नवीन असं एकच वाक्य आलं, ते रात्रपाळीच्या आवाजाचं.

त्याच वाक्याने मला पुढे तोंडघशी पाडलं. पुढच्या फेरीत जागा हवी होती म्हणून मी ते ‘रात्रपाळीत पंप सुरू होताना आवाज येतो’ असं केलं. त्याच्या पुढच्या फेरीत ‘पंप सुरू होताना आवाज येतो’ एवढंच उरलं. बैठकीत कुणीतरी विचारलं की रोजच आवाज येत असेल तर पंप चालवताय कशाला. विचारणा ऑपरेटरपर्यंत गेली, आणि तो माझ्याकडे आला.

‘साहेब, मी असं लिहिलंच नव्हतं.’

मी १४७ वं पान उघडलं. त्यावर होतं: ‘दोन-तीनदा चालू करताना आवाज आल्यासारखा वाटला. नंतर आला नाही.’

तो निघून गेल्यावर मी तिन्ही फेऱ्यांचे कागद शेजारी शेजारी मांडले. मूळ वाक्यातला ‘वाटला’ आणि ‘दोन-तीनदा’ मी पहिल्याच फेरीत गमावले होते, आणि ‘नंतर आला नाही’ हेही. वर दिलेला नवा परिच्छेद पुन्हा वाचून पाहा, ‘आवाज येत असल्याची’ असं मी लिहून बसलोय. पुढच्या दोन्ही वेळा मी पान उघडलं नाही, माझंच आधीचं वाक्य आखडलं. प्रत्येक वेळी घसरण लहान होती, दोन-तीन शब्दांची. पण त्या सगळ्या एकाच दिशेला होत्या, शंकेकडून खात्रीकडे. याचं कारण साधं आहे. शब्द वाचवायला बसलं की ‘बहुधा’, ‘एकदा’, ‘सारखं’, ‘वाटलं’ हे शब्द सगळ्यात फुकटचे दिसतात. ते काढले तरी वाक्य व्याकरणाने उभं राहतं, उलट जास्त ठसठशीत वाटतं.

तेव्हापासून एक शिस्त पाळली: ज्या वाक्याला हात लावायचा, त्याची पानं आधी उघडायची. न उघडता फक्त पूर्ण वाक्य काढता येईल, आखडता येणार नाही. प्रत्येक वाक्यापुढे पानांचे आकडे असल्यामुळे हे शक्य होतं. एका फेरीत पाच-सहा वाक्यांनाच हात लागतो आणि त्यांची पानं काढायला अर्ध्या तासाच्या वर जात नाही. आणि जागा कमी पडली तर पार्श्वभूमी काढायची, विशेषणं काढायची, एखादी सुटलेली गोष्ट काढायची. शंकेचा शब्द ठेवायचा.

अलाइनमेंटनंतर तीन आठवड्यांनी पान १७१ आलं. कंपन परत ६.१ वर चढलं होतं. पुन्हा लेझर लावला तर रेषा ०.२८ मिलिमीटरने हललेली. इथे सारांशात ‘कंपन पुन्हा ६.१ वर गेले आहे’ असं एक वाक्य जोडून मोकळं होण्याचा मोह फार होता. मी तसं लिहूनही पाहिलं. वाचल्यावर लक्षात आलं की वरचा सगळा परिच्छेद अजून ‘कारण सापडलं, काम झालं’ याच सुरात आहे आणि नवं वाक्य शेपटीसारखं लटकतंय. या एका पानाने आकडा बदलला नव्हता, प्रश्न बदलला होता. आधीचा प्रश्न होता, कंपन कशाने येतं? आता तो झाला, रेषा कशाने हलते? ११ दिवसांच्या स्थिर मोजणीचं महत्त्व त्यामुळे बदललं. आधी ती यशाचा पुरावा होती, आता ती रेषा किती दिवस टिकते याची खूण होती. परिच्छेद मोडून पुन्हा लिहिला: ‘अलाइनमेंट सुधारल्यावर कंपन उतरते, पण तीन आठवड्यांत रेषा ०.२८ मिलिमीटरने सरकली आणि कंपन ६.१ वर गेले (पा. १५१–१६४, १७१). रेषा कशामुळे सरकते हे माहीत नाही.’ तो आधीपेक्षा लहान झाला. चुकीचं उत्तर हटलं की त्याच्या समर्थनासाठी ठेवलेली बरीच वाक्यंही हटतात, हा अनुभव मला नंतरही आला.

पान १८९ वर एका जुन्या फिटरचं दोन ओळींचं टिपण होतं. सक्शन पाइपाचा, म्हणजे पंपाच्या आत येणाऱ्या बाजूच्या पाइपाचा, भार पंपावर येतोय का ते बघा, असं त्यांनी सुचवलं होतं. माझ्यासमोर फक्त सारांश असता तर मी ‘नवा संशय: पाइपाचा ताण’ असं लिहून थांबलो असतो. पण एव्हाना नवा विषय निघाला की पानवार नोंदीत तो शब्द शोधायची सवय लागली होती. ‘पाइप’ शोधलं. नऊ ओळी निघाल्या, त्यातली एक अशी:

‘१७ – पहिली पाहणी. सक्शन पाइपच्या दुसऱ्या आधाराखाली ३ मिलिमीटर फट. कारवाई नाही.’

मी तो कागद घेऊन बराच वेळ बसलो. पान १७ हे माझ्या पहिल्या ३८ पानांतलं. पहिल्या सारांशात मी ते घेतलं नव्हतं, आणि त्या दिवशी ते न घेणं बरोबरच होतं. बेअरिंगच्या चर्चेत पाइपाच्या आधाराखालच्या फटीला काय जागा? पण एकदा सारांशातून बाहेर राहिलेली गोष्ट सारांशातून परत येऊ शकत नाही. मी कितीही काळजीने जुना सारांश आणि नवी पानं एकत्र केली असती, तरी पान १७ त्यात कुठेच नव्हतं. नवं पान स्वतःपुरतं काही सांगतं तसंच मागच्या पानांचं वजनही बदलतं, आणि चालू सारांशाची हीच खरी दुबळी बाजू आहे. पानवार नोंदीची ती एक ओळ नसती तर त्या फटीपर्यंत कुणी पोचलं असतं का, मला शंका आहे.

पुढचं लवकर झालं. पंप आणि मोटर जोडणाऱ्या कपलिंगला सूक्ष्म हालचाल मोजणारा डायल गेज लावून, पाइप जिथे पंपाला जोडलेला असतो त्या सक्शन फ्लँजचे बोल्ट सैल केले, आणि काटा ०.२१ मिलिमीटर सरकला (पा. २०३). पाइप पंपाला खेचून धरत होता. आधाराखाली भरलेला ग्राउटचा थर फुटला होता, आधार खचत चालला होता, आणि पाइपाचं वजन हळूहळू पंपाच्या तोंडावर येत होतं. म्हणूनच रेषा जुळवली की काही दिवस टिकायची आणि मग सरकायची. आधार नव्याने बसवला, दोन्ही फ्लँज ताण न देता समोरासमोर येतील असा पाइप बेतला आणि मग अलाइनमेंट केलं. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत कंपन २.५ च्या वर गेलं नाही.

पान १७ च्या धक्क्यानंतर मी आणखी एक काम सुरू केलं. दर पाच फेऱ्यांनी चालू सारांश झाकून ठेवायचा आणि पानवार नोंद व मूळ पानं पाहून कोरा सारांश लिहायचा, जणू फाइल आजच हातात आली आहे. अर्धा दिवस जातो. मग दोन्ही शेजारी ठेवून फरक बघायचे. पहिल्या वेळी दोन गोष्टी निघाल्या. चालू सारांशातली तीन वाक्यं कोऱ्या सारांशात आलीच नव्हती, आणि ती का असावीत याचं मलाही उत्तर देता येईना. ती आधीपासून होती म्हणून होती. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटच्या थप्पीने चालू सारांशाची जवळजवळ निम्मी जागा खाल्ली होती. ताज्या पानांचे तपशील मनात ठसठशीत असतात, म्हणून ते आखडताना हात चालत नाही. कोऱ्या सारांशात त्याच थप्पीला दोन वाक्यं पुरली.

४०० शब्दांची मर्यादा एकदाच मोडायची वेळ आली. पान २३० पासून त्याच फाइलीत शेजारच्या पंपाची पानं लागायला लागली. त्यालाही कंपन, त्याचाही सक्शन पाइप त्याच रांगेतल्या आधारांवर. मी दोन्ही एकत्र मांडायचा प्रयत्न केला तेव्हा ‘पंपांचे कंपन’, ‘आधारांची स्थिती’ असले शब्द येऊ लागले, आणि कुठला आकडा कुठल्या पंपाचा हे वाचणाऱ्याला कळेना. मर्यादा ६०० केली असती तरी तो गोंधळ राहिलाच असता. विभागप्रमुखांना विचारून दुसऱ्या पंपाची पानं वेगळ्या फाइलीत काढली आणि त्याला त्याचा स्वतःचा सारांश दिला. पहिल्याच्या सारांशात त्याबद्दल एक वाक्य ठेवलं.

पहिल्या पंपाची फाइल २७१ पानांवर बंद झाली. शेवटचा सारांश ३८८ शब्दांचा आहे, आणि त्याचं पहिलं वाक्य असं: ‘सक्शन पाइपचा दुसरा आधार खचल्यामुळे पाइपाचा ताण पंपावर येऊन अलाइनमेंट सरकत होते, आधार दुरुस्त केल्यावर कंपन सहा आठवडे २.५ मिलिमीटर प्रति सेकंदाच्या आत आहे (पा. १७, १८९, २०३, २५८–२७१).’ दुसऱ्या पंपाची फाइल आज ५४ पानांवर आहे. त्या रांगेतल्या प्रत्येक आधाराची स्थिती तिच्या पानवार नोंदीत लिहून ठेवली आहे, सारांशात अजून एकाही आधाराचं नाव नाही.